एचबी की ४बी? पेन्सिलीतल्या मातीचा हिशेब

एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा जवळ आल्या की स्टेशनरीच्या दुकानांत पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्या खपू लागतात. डबीत ओळीने मांडलेल्या दहा-बारा पेन्सिली असतात आणि प्रत्येकीवर वेगळा आकडा, वेगळं अक्षर. परीक्षा संपल्यावर तीच डबी उघडून बघा. दोन-तीन पेन्सिली झिजून बोटभर राहिलेल्या दिसतील आणि बाकीच्यांना धड टोकही काढलेलं नसेल. झिजलेल्यांत ६बी हटकून असते, कारण दुकानात बहुतेकांची मागणी एकच असते: “डार्क पेन्सिल द्या.”

गोंधळ इथूनच सुरू होतो. पेन्सिलीवरचं अक्षर तिचा काळेपणा सांगतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते सांगतं शिशाचा कडकपणा, आणि कडकपणा ठरतो आत किती माती घातली आहे त्यावरून. रेघ किती काळी उठेल हे त्यानंतर कागद आणि हाताचा दाब ठरवतो. हे तिघं कसे जुळतात ते कळलं की डबी विकत घ्यायची गरज उरत नाही. तीन सुट्या पेन्सिली बहुतेक कामं भागवतात.

माती कुठून आली?

पेन्सिलीच्या शिशात धातूचं शिसं नसतं. असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचं एक रूप. त्यात कार्बनच्या अणूंचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. हे थर एकमेकांना इतके सैल चिकटलेले असतात की जरा घासलं तरी सुटतात आणि कागदावर बसतात. नुसतं ग्रॅफाइट मऊ आणि ठिसूळ. पूर्वी इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीत ते इतकं शुद्ध आणि घट्ट सापडे की करवतीने कापून त्याच्या कांड्या करत आणि लाकडात बसवत. पेन्सिल कडक हवी की मऊ, हा प्रश्नच नव्हता. खाणीतून येईल ती.

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध पेटलं आणि हा माल फ्रान्सला मिळेनासा झाला. निकोलस-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने त्यावर तोड काढली. कमी प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड करायची, ती ओल्या मातीत मळायची, त्याच्या कांड्या पाडायच्या आणि भट्टीत भाजायच्या. १७९५ मध्ये त्याला या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्याच सुमारास व्हिएन्नात योसेफ हार्टमुट यानेही माती मिसळण्याचीच वाट धरली होती. टंचाईवरचा उपाय म्हणून निघालेल्या या पद्धतीने एक मोठी सोय करून दिली. माती वाढवली की कांडी कडक होते आणि कमी केली की मऊ. पेन्सिलीचा स्वभाव पहिल्यांदाच माणसाच्या हातात आला.

कारखान्यातली रीत आजही मुळात तीच आहे. ग्रॅफाइट आणि चिकणमातीचा लगदा बारीक छिद्रांतून शेवयांसारखा दाबून काढतात, वाळवतात, साधारण हजार अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात आणि मग रेघ गुळगुळीत उमटावी म्हणून मेणात मुरवतात. एचबी पेन्सिलीत ढोबळ मानाने दोन-तृतीयांश ग्रॅफाइट, पाव हिस्सा माती आणि बाकी मेण असतं. सगळ्यात कडक टोकाला, ९एचच्या आसपास, माती निम्म्याच्या घरात जाते. सगळ्यात मऊ टोकाला ती नावापुरती उरते आणि जवळजवळ सगळं ग्रॅफाइटच असतं.

अक्षरं कशी वाचायची?

एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक. एचबी दोघांच्या मधोमध. एचबी आणि एच यांच्यामध्ये एफ नावाची एक पेन्सिल असते. तिचं टोक बारीक राहतं आणि ती एचबीपेक्षा किंचित कडक असते. आकडा जितका मोठा तितकं ते अक्षर टोकाला गेलेलं. म्हणून २एचपेक्षा ४एच अधिक कडक आणि फिकी, तर २बीपेक्षा ४बी अधिक मऊ आणि गडद. ९एचपासून ९बीपर्यंत मोजलं तर अशा वीस पायऱ्या होतात. काही कंपन्या दोन्ही बाजूंना आणखी पुढे जातात.

या पायऱ्यांबद्दल दोन गोष्टी डबीवर लिहिलेल्या नसतात. पहिली अशी की कोणती पायरी नेमकी किती कडक, याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं एकच माप नाही. एका कंपनीची २बी दुसरीच्या बी इतकीच निघू शकते. म्हणून एका चित्रात दोन कंपन्यांच्या पेन्सिली मिसळल्या की ‘४बी असूनही २बीपेक्षा फिकी’ असा चमत्कार घडतो. दुसरी गोष्ट: शाळकरी पेन्सिलींवर छापलेलं ‘डार्क’ किंवा ‘एक्स्ट्रा डार्क’ ही ग्रेड नव्हे. ते मालाचं वर्णन आहे. अशी पेन्सिल लिहायला छान असते, पण ती या शिडीवर कुठे बसते ते एचबीच्या शेजारी रेघ ओढून स्वतःच पाहावं लागतं.

मऊ पेन्सिलीचं शिसं बहुधा जाडही असतं, कारण बारीक ठेवलं तर ते मोडतं. ६बीचं टोक शार्पनरमध्ये वारंवार तुटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. अशा पेन्सिलीचं लाकूड ब्लेडने हळूहळू लांबवर सोलावं आणि शिसं शेवटी बारीक कागदी पॉलिशवर घासून टोकदार करावं. एचबीसारखी बेताची पेन्सिलही सतत तुटत असेल, तर ती कधीतरी फरशीवर पडलेली आहे आणि आतलं शिसं जागोजागी तडकलेलं आहे, असं समजा. कितीही टोक काढलं तरी ती सुधारत नाही.

अर्धं काम कागदाचं

डोळ्यांना सपाट दिसणारा कार्ट्रिज पेपर भिंगाखाली खडबडीत असतो. तो किसणीचं काम करतो. त्याचे उंचवटे शिशावरून ग्रॅफाइट किसून घेतात आणि मधल्या खळग्यांत काही पोचत नाही. मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवली की छटेत पांढरे ठिपके दिसतात, ते हे खळगे. उलट गुळगुळीत बाँड पेपरवर किसून घ्यायला काही नसतंच. तिथे ६बीदेखील एका मर्यादेपलीकडे काळी होत नाही, नुसती चमकते. आपली पेन्सिल फिकी आहे अशी तक्रार करण्याआधी कागद बदलून पाहावा तो यासाठी.

कडक पेन्सिल कागदाशी वेगळं वागते. तिच्यात माती जास्त, टोक टणक, म्हणून ती ग्रॅफाइट कमी सोडते आणि कागद दाबते जास्त. जोर दिला की रेघ फारशी गडद होत नाही, पण कागदात चर पडतो. खोडरबराने ग्रॅफाइट निघतं, चर निघत नाही. पुढे त्यावरून ४बीची छटा फिरवली की मऊ शिसं चराच्या तळाशी पोचत नाही आणि पुसलेली रेघ पांढरी होऊन वर येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, कागद ओल धरून मऊ पडतो आणि हे चर आणखी सहज पडतात. चित्र पूर्ण व्हायच्या आधीच हे ओळखायचं तर कागद खिडकीपाशी तिरपा धरावा. चर असेल तर कडेने सावली दिसते. कागद उलटून मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी तो हाताला लागतो.

मऊ पेन्सिलीची खोड याच्या उलट. जोराने दाबली की ग्रॅफाइटचे थर सपाट होऊन आरशासारखे चकाकतात. समोरून काळाभोर दिसणारा भाग बाजूने पाहिला की चंदेरी दिसतो. भिंतीवर लावलेल्या चित्रात खोल सावलीच नेमकी फिकी वाटते, ती यामुळे. काळेपणा जोराने आणायचा नाही, थरांनी आणायचा. ४बीचे चार हलके थर ६बीच्या एका दाबून दिलेल्या थरापेक्षा खोल दिसतात आणि कमी चमकतात.

आधी एक पट्टी काढा

वरचं सगळं स्वतःच्या पेन्सिलींवर पडताळून पाहायला अर्धा तास पुरतो. ज्या कागदावर चित्र काढणार आहात त्याचीच एक पट्टी घ्या. तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटरच्या चौकोनांच्या दोन ओळी आखा. वरच्या ओळीत प्रत्येक पेन्सिल नुसत्या तिच्या वजनाने फिरवा, अजिबात न दाबता, आणि एकाच दिशेने एक थर द्या. खालच्या ओळीत त्याच पेन्सिलीने पूर्ण जोर लावा. पेन्सिलींचा क्रम कडकपासून मऊपर्यंत ठेवा: २एच, एचबी, २बी, ४बी, ६बी.

वरच्या ओळीत पायऱ्या सारख्या अंतराने गडद होत गेल्या तर तुमच्या पेन्सिली एकमेकींशी जुळतात. दोन शेजारचे चौकोन सारखेच दिसले तर त्यातली एक पेन्सिल तुम्हाला लागत नाही. खालच्या ओळीत २एचचा चौकोन वरच्यापेक्षा थोडाच गडद निघेल, पण मागून उठाव जाणवेल. ६बीचा चौकोन काळा होईल आणि चमकेल. मधल्या २बीचं मात्र वर-खाली बरंच अंतर पडेल. हलक्या हाताला ती करडी आणि जोर लावला की चांगली गडद. बाहेर स्केचिंग करणाऱ्यांच्या खिशात एकच पेन्सिल असेल तर ती बहुधा २बी असते, याचं कारण या एका चौकोनात दिसतं.

आता प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग खोडरबराने पुसून पाहा. एचबी आणि २बी सहज निघतात. ६बी पुसताना पसरते आणि मागे करडा डाग राहतो. २एचचा रंग निघतो पण खूण राहते. कच्च्या रेषा कोणत्या पेन्सिलीने काढायच्या याचं उत्तर ही पुसलेली बाजू देते.

एक तांब्या, चार पेन्सिली

वस्तुचित्राच्या सरावाला घरातला पितळी तांब्या ठेवून बघू. तो टेबलावर आहे, डावीकडे खिडकी. धातूच्या भांड्यावर प्रकाश-छाया मातीच्या मडक्यासारखी हळूहळू उतरत नाही. झळाळी आणि काळी प्रतिबिंबं एकमेकांना खेटून, धारदार कडांनी येतात. त्यामुळे पेन्सिलींची निवड इथे उघडी पडते.

आकार एचबीने बांधायचा. पेन्सिल टोकापासून लांब धरायची, म्हणजे दाब आपोआप कमी राहतो. आधी मधली उभी रेघ, मग तोंड, मान, पोट आणि तळ यांचे लंबगोल. पुष्कळ ठिकाणी कच्च्या आकाराला २एच वापरायला सांगतात. हात हलका असेल तर ती चालते. पण शिकणाऱ्याचा हात परीक्षेत जड होतो. तोंडाचा लंबगोल जमेपर्यंत तो चार वेळा गिरवला जातो आणि २एचचे चार चर कागदात बसतात. चुकलेली एचबी निदान पुसली तरी जाते.

आकार पक्का झाला की झळाळीच्या जागा अगदी पुसटशा रेषेने आखून सोडून द्यायच्या. पेन्सिलीच्या चित्रात पांढरा रंग कागदाचाच असतो, तो नंतर घालता येत नाही. उरलेल्या सगळ्या भागावर २बीचा एक सारखा थर द्यायचा. पोटावर रेषांची दिशा पोटाच्या गोलाईबरोबर वळवायची. इतक्यात तांब्या करडा आणि सपाट दिसेल. ते ठीक आहे.

मग ४बी. उजव्या बाजूचं उभं काळं प्रतिबिंब, मानेखालची सावली आणि तोंडाच्या आतली कड एवढ्याच जागा घ्यायच्या. इथे छटा एकदम गडद न करता थरावर थर चढवायचे आणि झळाळीला लागलेली कड मात्र धारदार ठेवायची. टोक बोथट झालं की थांबून पुन्हा काढायचं, कारण धातूचा भास त्या कडेवर उभा असतो. ६बी लागलीच तर फक्त तळ टेबलाला टेकतो त्या बारीक काळ्या फटीत. तिथे ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जागा घेत नाही. डबीतली सगळ्यात जास्त झिजणारी पेन्सिल खरं तर सगळ्यात कमी लागते.

शेवटी उलटा प्रवास करायचा. २बीच्या थरात जे पांढरे खळगे राहिले आहेत, त्यात टोकदार एच पेन्सिल हलकेच फिरवायची. तिचं टणक बारीक टोक खळग्यांत उतरतं, तिथे थोडं ग्रॅफाइट सोडतं आणि वर पडलेलं पसरवतं. छटा गडद न होता गुळगुळीत होते, आणि पितळेचा पृष्ठभाग गुळगुळीतच हवा असतो. हा क्रम उलटवून चालत नाही. आधी एचने कागद घोटून टाकला तर उंचवटे सपाट होतात आणि वरून ४बी धरत नाही, घसरते.

चित्र फसलं असेल तर कशामुळे फसलं ते डोळे बारीक करून पाहिल्यावर कळतं. सगळा तांब्या एकाच करड्या पट्टीत मिसळून गेला तर गडद जागा कमी पडल्या आहेत. बहुतेक वेळा सगळं चित्र एचबीने दाबून काढल्याचं हे लक्षण असतं. गडद भाग ठसठशीत आहेत पण भांडं मातीचं वाटतंय, तर कडा विरघळल्या आहेत किंवा झळाळीवर हात फिरून ती मळली आहे. डाव्या हाताने चित्र काढणाऱ्याने उजवीकडून सुरुवात करावी आणि उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून, म्हणजे तळहात ओल्यासारख्या मऊ छटेवर घासत नाही. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवला तर उत्तमच.

रंगाखाली कोणती पेन्सिल?

ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रात किंवा स्मरणचित्रात पेन्सिलीवर रंग चढतो, म्हणून तिथलं गणित वेगळं. जलरंगाखाली ४बी असेल तर ओल्या कुंचल्याबरोबर सैल ग्रॅफाइट रंगात मिसळतं. पिवळा रंग मळकट हिरवट दिसतो आणि गुलाबी राखाडी. उलट २एच दाबून वापरली तर चरात रंग साचून तिथे गडद रेघ उमटते. रंग वाळला की खालची पेन्सिल नीट पुसलीही जात नाही, कारण रंगातला डिंक तिला धरून ठेवतो. म्हणून रंगाच्या चित्रात हलकी एचबी किंवा एच वापरावी आणि रंग लावण्याआधीच कच्च्या रेषांवरून खोडरबर हलकेच टेकवून त्या पुसट करून घ्याव्यात.

पेपर सोडवताना

दहावीच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. म्हणजे कंपासचे कंस तपासनिसाला दिसले पाहिजेत, पण त्यांच्या गर्दीत उत्तराची रेघ हरवायला नको. दोघांसाठी एकच बोथट एचबी वापरली की सगळं सारखंच काळं दिसतं. कंस बारीक टोकाने हलके आणि अंतिम आकृती त्याच एचबीने जरा दाबून, एवढा फरक पुरतो. ज्यांना दोन पेन्सिली सांभाळता येतात त्यांनी कंसासाठी एच ठेवावी.

कंपासचं एक तंत्र ड्रॉइंग करणारे जुने लोक सांगतात. कंपासला हातातल्या पेन्सिलीइतका जोर देता येत नाही, दिला तर सुई सरकते. त्यामुळे सारख्याच ग्रेडने काढलेला कंस सरळ रेघेपेक्षा फिका येतो. दोन्ही सारखे दिसायला हवे असतील, उदाहरणार्थ वर्तुळ हीच अंतिम आकृती असेल, तर कंपासमध्ये एक पायरी मऊ शिसं घालावं. हातात एच असेल तर कंपासमध्ये एचबी. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शीटवर बांधणीच्या रेषांना २एच, आकृतीच्या रेषांना एच आणि अक्षरांना एचबी असा पाठ दिला जातो. तिथे ड्रॉइंग शीट जाड असते, रेषा लांब असतात आणि पट्टी त्यांवरून सतत सरकत असते, म्हणून कडक पेन्सिल योग्य. शाळेच्या पातळ उत्तरपत्रिकेवर मात्र २एच मागच्या पानावर उठते.

विज्ञानाच्या आकृत्यांना एचबीच घ्यावी. ४बीने काढलेलं हृदय सुबक दिसतं, पण पान उलटलं की त्याचा ठसा समोरच्या उत्तरावर उमटतो.

ओएमआर उत्तरपत्रिकेबद्दल एक समजूत अजून टिकून आहे की गोल एचबी पेन्सिलीनेच भरायचा. तिच्यामागे इतिहास आहे. आयबीएमने १९३०च्या दशकात आणलेलं तपासणी यंत्र प्रकाश वापरत नव्हतं. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, तेव्हा पेन्सिलीची खूण असेल तिथून प्रवाह जातो आणि उत्तर मोजलं जातं, अशी त्याची युक्ती होती. शाईची खूण त्याला दिसलीच नसती. आजची यंत्रं प्रकाशाने वाचतात आणि आपल्याकडच्या बहुतेक ओएमआर परीक्षांत बॉलपेनच मागतात. तिथे पेन्सिल वापरली तर सूचनेचा भंग होतो. जिथे पेन्सिलच सांगितली असेल तिथे एचबी घ्यावी. अमेरिकेत तिलाच ‘नंबर टू’ म्हणतात. मऊ पेन्सिल पुसताना पसरून शेजारचा गोल मळवते आणि कडक पेन्सिलीची खूण फिकी पडते.

पेन-पेन्सिलीचं शिसं या शिडीवर थोडं वेगळं बसतं. ०.५ मिलिमीटरची ती बारीक काडी नुसत्या मातीने टिकली नसती, म्हणून तिच्यात बहुधा मातीऐवजी पॉलिमर वापरतात. तिच्या नळीवरचं २बी आणि लाकडी पेन्सिलीवरचं २बी एकच समजू नये. आकृत्या आणि नावं देण्यासाठी ती उत्तम, कारण रेघेची जाडी बदलत नाही. छटा भरायला मात्र ती निरुपयोगी आहे.

काय घ्यावं?

सुट्या पेन्सिली मिळणाऱ्या दुकानात जा आणि एकाच कंपनीच्या घ्या. शाळेच्या पेपरला दोन एचबी पुरतात. भूमितीसाठी वाटल्यास एक एच. ग्रेड परीक्षेला एचबी, २बी आणि ४बी. बाहेर स्केचिंगला एक २बी, आणि मोठ्या वहीत झटपट काम करायचं असेल तर ४बी. ४बीहून मऊ पेन्सिलीने वहीत काढलेलं चित्र समोरच्या पानावर उमटतं, तेव्हा मध्ये बटर पेपर घालावा. ६बी फक्त तेव्हा घ्या, जेव्हा तुमच्या पट्टीवर ४बीचे चार थर देऊनही सावली कमी पडली असेल. ४एचपासून पुढच्या कडक पेन्सिली चित्रासाठी घेऊच नका. त्या तांत्रिक आराखड्यांसाठी आहेत.

आणि परीक्षेच्या दिवशी नवी पेन्सिल काढू नका. आठवडाभर आधी ती त्याच जातीच्या कागदावर पट्टी काढून, दाबून आणि पुसून बघा. त्या पट्टीवर जी पेन्सिल नीट पुसली गेली आणि जिने मागे चर सोडला नाही, तीच कंपासपेटीत ठेवा, मग तिच्यावर काहीही छापलेलं असो.